तीन स्क्रीनशॉट आणि सात ओळींची यादी

ठाण्यातल्या एका मध्यम आकाराच्या गृहनिर्माण सोसायटीचं ऑफिस मी अर्धवेळ सांभाळते. पावत्या, पत्रव्यवहार, नोटिसा, कमिटीने सांगितलेल्या कामांचा पाठपुरावा, असं सगळं माझ्याकडे असतं. कमिटीचा वेगळा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे आणि त्यात मी नाही, ते बरंच आहे. पण त्यामुळे ग्रुपवर जे ठरतं ते माझ्यापर्यंत स्क्रीनशॉटमधूनच येतं. १८ ऑगस्ट २०२५, सोमवारी सकाळी अध्यक्ष मॅडमनी तीन स्क्रीनशॉट पाठवले. खाली एकच ओळ होती: "यातून कामांची यादी करून द्या, तारखा आणि नावं टाकून."

स्क्रीनशॉटमधले मजकूर आधी देते, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच उभं आहे. निम्मे मेसेज इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत होते, ते इथे देवनागरीत केलेत. ज्या मेसेजवर नाव नव्हतं, म्हणजे जे उजव्या बाजूला हिरव्या चौकटीत होते, त्यांना 'हिरवा' म्हटलंय.

पहिला, वर `Yesterday` अशी पट्टी:

अध्यक्ष मॅडम, ८:४१: वार्षिक सभेची तारीख आज ठरवूया. २१ सप्टेंबर रविवार कसा वाटतो? सोमवारपासून नवरात्र आहे.
बी-३०२ काका, ८:४४: दहीहंडीच्या आवाजात काही सुचत नाहीये, पण २१ चालेल. नोटीस विसर्जनाच्या आधी लागली पाहिजे, चौदा दिवस धरून.
हिरवा, ८:४६: ऑडिटरचा रिपोर्ट परवापर्यंत येईल. आला की टाकतो.
सेक्रेटरी, ८:५२: नोटीस मी टाइप करतो. अजेंड्याचे मुद्दे सगळ्यांनी पुढच्या रविवारपर्यंत द्या.

दुसरा, सेक्रेटरींच्या त्याच मेसेजपासून सुरू:

`~ Jai Shri Krishna`, ९:०५: २१ ला सर्वपित्री आहे. घरोघरी पितरांचं जेवण असतं, कोण येणार सभेला?
अध्यक्ष मॅडम, ९:०९: हो की. मग २८? (खाली अंगठा, शेजारी ५)
बी-३०२ काका, ९:१२: २८ ठीक. सकाळी १० ला. पण ३० च्या आत घ्यायची आहे, पुढे ढकलायला जागा नाही.
सेक्रेटरी, ९:१५: व्हॉइस मेसेज, 0:47
हिरवा, ९:२०: टाकीचं काय? गळती वाढलीये.
`~ Jai Shri Krishna`, ९:२२: प्लंबरला सांगितलंय. रविवारी सकाळी १० ला येतोय. कमिटीतल्या कोणीतरी थांबा.
बी-३०२ काका, ९:२४, हिरव्या मेसेजला उत्तर म्हणून: बघतो.

तिसरा:

सेक्रेटरी, ९:४०: रंगकामाची दोन कोटेशन आली आहेत, तिसऱ्या ठेकेदाराशी आज बोललो, तो म्हणाला… `Read more`
अध्यक्ष मॅडम, ९:४७: कोटेशन नोटिशीबरोबर जायला हवीत, किमान तीन. @सेक्रेटरी, तिसरं २५ पर्यंत?
सेक्रेटरी, ९:४८: 👍
(पट्टी: `Today`)
`~ Jai Shri Krishna`, ६:५५ सकाळी: प्लंबर १० ला नक्की. कोण येतंय?

सरळ वाचलं तर पाच मिनिटांचं काम वाटतं. २१ की २८ एवढाच प्रश्न आहे, बाकी नावं आणि तारखा दिसतायत. पण यातली 'परवा', 'रविवारी' आणि 'पुढच्या रविवारपर्यंत' ही तिन्ही पदं एकाच गोष्टीवर टांगलेली आहेत: `Yesterday` म्हणजे नेमका कोणता दिवस. त्यामुळे मी कामांना हात लावायच्या आधी तो दिवस ठरवते.

व्हॉट्सअॅप प्रत्येक मेसेजवर फक्त वेळ दाखवतं. तारीख मध्ये येणाऱ्या पट्टीवर असते, आणि ताज्या मेसेजांसाठी ती पट्टी `Today`, `Yesterday` किंवा नुसता वार असते. हे शब्द स्क्रीनशॉट काढला त्या क्षणापासून मोजलेले असतात. स्क्रीनशॉट कधी काढला हे मात्र चित्रात कुठेच नसतं. फोनच्या वरच्या पट्टीत घड्याळ दिसतं, ७:१२, पण त्यात तारीख नसते.

मला मिळालेल्या फाइलचं नाव `IMG-20250818-WA0007.jpg` होतं. त्यात तारीख आहे म्हणून ती धरायचा मोह होतो. अठरा तारखेचा स्क्रीनशॉट, म्हणजे `Yesterday` १७ तारीख, रविवार. ही मोठी फसगत आहे. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या चित्राला फोन नवं नाव देतो आणि त्यातली तारीख ते चित्र पाठवल्या-मिळाल्याची असते, काढल्याची नव्हे. मूळ फाइलला सॅमसंगच्या फोनवर `Screenshot_20250817_071243_WhatsApp.jpg` असं काहीतरी नाव असतं, त्यात तारीख आणि सेकंदापर्यंतची वेळ दोन्ही असतात. चित्र म्हणून पाठवलं की हे नाव जातं, चित्राच्या आत साठवलेली माहितीही पुसली जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवलं तर नाव टिकतं. म्हणून आता मी मागतानाच सांगते की स्क्रीनशॉट डॉक्युमेंट करून पाठवा.

या वेळी मूळ नाव हाताशी नव्हतं, पण मजकुरातच पुरावा होता. काका दहीहंडीच्या आवाजाबद्दल बोलतायत, आणि २०२५ साली गोपाळकाला शनिवारी, १६ ऑगस्टला होता. म्हणजे पहिला स्क्रीनशॉट रविवारी १७ तारखेला काढलेला आणि `Yesterday` म्हणजे शनिवार. तिसऱ्या चित्रातली `Today` पट्टी त्याच्याशी जुळते: सकाळी ६:५५ चा मेसेज, ७:१२ ला स्क्रीनशॉट, आणि दहा वाजता येणारा प्लंबर.

एका दिवसाचा फरक, त्यात काय एवढं, असं वाटू शकतं. धरून बघा. शनिवारपासून मोजलं तर 'परवा' सोमवार १८ ऑगस्ट, रविवारपासून मोजलं तर मंगळवार १९. 'रविवारी सकाळी १०' मध्ये तर आठवड्याचा फरक पडतो. शनिवारी रात्री म्हटलेला 'रविवारी' म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी, १७ ला. मी हे सोमवारी वाचत होते, म्हणजे प्लंबर येऊनही गेला होता. पण बोलणं रविवार रात्रीचं धरलं असतं तर यादीत '२४ ऑगस्ट, सकाळी १०, प्लंबर, कोणीतरी थांबणे' अशी टापटीप ओळ आली असती आणि रविवारी कोणीतरी टाकीपाशी उगाच उभं राहिलं असतं. अशी ओळ पाहून कुणाला शंकाही येत नाही, हे त्यातलं वाईट.

'पुढच्या रविवारपर्यंत' हा प्रकार या प्रकरणात सोपा गेला. शनिवारी रात्री बोलताना उद्याच्या रविवारला कोणी 'पुढचा' म्हणत नाही, म्हणजे २४ ऑगस्ट. हेच वाक्य बुधवारी आलं असतं तर निम्म्या लोकांनी २४ धरला असता आणि निम्म्यांनी ३१. तेव्हा मी तारीख लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकते, स्वतःच्या घरी जो अर्थ लावतात तो लावत नाही. 'परवा'चंही तसंच आहे, तो मागेही जातो आणि पुढेही, पण "येईल" या क्रियापदाने इथे तो प्रश्न मिटवला. 'तिसरं २५ पर्यंत?' मध्ये महिना नाही. नोटिशीबरोबर जायचं म्हटलंय आणि नोटीस विसर्जनाआधी, म्हणजे २५ ऑगस्टच.

तारीख लिहिताना मी शेजारी वार लिहितेच. चॅटमध्ये दोन्ही असतील तर ते एकमेकांशी जुळतात का, हे बघायला त्याहून सोपी युक्ती नाही. '२१ सप्टेंबर रविवार' हे २०२५ मध्ये जुळतं. जुळलं नसतं तर तारीख चुकली की वार, हे विचारल्याशिवाय ती ओळ पुढे गेली नसती.

आता नावं. उजवीकडच्या हिरव्या चौकटीवर नाव कधीच नसतं, कारण तो फोनवाल्याचा स्वतःचा मेसेज असतो. स्क्रीनशॉट मला मॅडमनी पाठवले म्हणून हिरवे मेसेज मॅडमचे, असं सहज धरलं जातं. पण त्याच चित्रात 'अध्यक्ष मॅडम' डावीकडे, पांढऱ्या चौकटीत, नावासकट आहेत. जी व्यक्ती डावीकडे नावाने दिसते तिचा तो फोन असूच शकत नाही. शिवाय चित्रावर 'फॉरवर्डेड'ची खूण होती, म्हणजे मॅडमनी ते दुसऱ्या कुणाकडून आलेलं पुढे ढकललं होतं. "ऑडिटरचा रिपोर्ट आला की टाकतो" असं म्हणणारे खजिनदारच असणार, असा माझा अंदाज होता आणि एका फोनवर तो पक्का झाला. काकांनी ज्या मेसेजला उत्तर दिलं होतं त्या छोट्या चौकटीत `You` असं लिहिलेलं होतं. तेही हिरवा मेसेज फोनवाल्याचा असल्याचंच सांगतं, फक्त फोनवाला कोण हे सांगत नाही.

डावीकडची नावंही खजिनदारांच्या फोनमध्ये जशी साठवलीत तशी दिसतात. 'बी-३०२ काका' हे माझ्याकडे वेगळ्याच नावाने आहेत. ज्यांचा नंबर साठवलेला नाही त्यांच्यापुढे `~` येतं आणि त्यांनी स्वतः ठेवलेलं नाव दिसतं. `~ Jai Shri Krishna` कोण, हे गोपाळकाल्याच्या दिवशी ओळखायला जाऊच नये. अशा मेसेजवर शेजारी फोन नंबर असतो, तो सभासद नोंदवहीतल्या नंबरांशी ताडून पाहिला. ते ए विंगचे कमिटी सदस्य निघाले. जाता जाता एक सांगते: असे स्क्रीनशॉट पुढे पाठवण्याआधी हे नंबर कापून टाकावेत. आमच्याकडे ते कोणी करत नाही.

खजिनदारांशी बोलताना आणखी एक विचारून घेतलं. पहिल्या आणि दुसऱ्या स्क्रीनशॉटमध्ये सेक्रेटरींचा ८:५२ चा मेसेज दोन्हीकडे आहे, म्हणजे मध्ये काही सुटलेलं नाही. दुसरा ९:२४ ला संपतो आणि तिसरा ९:४० ला सुरू होतो, सामाईक मेसेज एकही नाही. त्या सोळा मिनिटांत काहीही ठरलेलं असू शकतं. त्यांनी बघून सांगितलं की तिथे फक्त दहीहंडीचे दोन व्हिडिओ आहेत. हे विचारायला अर्धं मिनिट लागतं. न विचारता यादी पूर्ण आहे असं म्हणता येत नाही.

मजकूर उतरवून घेण्याबद्दलही थोडं. गुगल लेन्ससारख्या सोयीने चित्रातला मजकूर कॉपी होतो, देवनागरीही बऱ्यापैकी येते. पण असा कॉपी केलेला मजकूर म्हणजे नुसत्या ओळी असतात. चौकट डावीकडे होती की उजवीकडे, हिरवी की पांढरी, हे त्यात उरत नाही, आणि आत्ता पाहिलं तसं मालकी ठरते ती त्यावरच. उत्तराच्या वर दिसणारा जुना मेसेजही नव्या मेसेजच्या ओळीत मिसळतो. काकांच्या "बघतो"च्या आधी "टाकीचं काय? गळती वाढलीये" पुन्हा येतं आणि वाटतं की तेही काकाच म्हणाले. म्हणून एक्सेलमध्ये मी प्रत्येक मेसेजला एक ओळ देते आणि 'बाजू' व 'कशाला उत्तर' हे दोन रकाने चित्राकडे बघून हाताने भरते. चौदा-पंधरा मेसेजांसाठी तर सरळ टाइप करणंच लवकर होतं.

एवढं झाल्यावर मुख्य प्रश्न येतो, कोणती वाक्यं काम आहेत. "मी टाइप करतो" हे काम आहे: करणारा स्वतः बोलतोय आणि क्रिया नेमकी आहे. "कोणीतरी थांबा" यात करणारा नाही. "सगळ्यांनी द्या" यात करणारे इतके आहेत की कोणीच नाही. तिथे मी देणाऱ्यांऐवजी गोळा करणाऱ्याचं नाव लिहिते, म्हणजे सेक्रेटरींचं, कारण २४ तारखेला "आले का मुद्दे?" हे विचारायचं तर त्यांनाच विचारता येईल. ऑडिट रिपोर्टच्या वाक्यात दोन गोष्टी आहेत: रिपोर्ट येणं ऑडिटरच्या हातात, ग्रुपवर टाकणं खजिनदारांच्या हातात. १८ ऑगस्ट ही ऑडिटरबद्दल बांधलेली अटकळ आहे, खजिनदारांनी दिलेला शब्द नाही. यादीत नाव खजिनदारांचं, तारीख १८, आणि शेजारी 'ऑडिटरवर अवलंबून'. हे दोन शब्द नसले तर मंगळवारी विनाकारण खजिनदारांना बोल लागतो.

सेक्रेटरींचं वाक्य पुन्हा वाचलं तर आणखी एक भेग दिसते. ते म्हणतात नोटीस टाइप करतो. काका म्हणतात नोटीस लागली पाहिजे. टाइप करणं आणि लावणं यांच्यामध्ये छपाई आहे, सही आहे, प्रत्येक सभासदाला प्रत पोचवणं आहे, फलकावर डकवणं आहे. ते कोण करणार हे चॅटमध्ये कुठेच नाही. दोन ओळी केल्या, दुसरीत नाव रिकामं ठेवलं. रिकामा रकाना दिसला की वाचणारा बोलतो. अंदाजाने भरलेला असला तर कोणी काही बोलत नाही आणि कामही होत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो सभेच्या तारखेवर. ९:०९ ला २१ मागे पडली आणि २८ आली, एवढं उघड आहे. तारखा नुसत्या शोधून काढल्या तर दोन्ही हाती लागतात. ग्रुपवरच्या गप्पांत जुनी तारीख कोणी खोडत नाही, ती वर तशीच राहते. त्यामुळे एका विषयाचे सगळे मेसेज वेळेप्रमाणे एकाखाली एक लावायचे आणि शेवटचा कोणता हे बघायचं. पण २१ ला चिकटून आणखी एक मुदत होती, ती कोणी हलवलीच नाही: "नोटीस विसर्जनाच्या आधी."

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी चौदा पूर्ण दिवसांची नोटीस लागते. पूर्ण दिवस म्हणजे नोटीस दिल्याचा दिवस धरायचा नाही आणि सभेचाही धरायचा नाही. सभा २१ ला असती तर ७ ते २० सप्टेंबर हे चौदा दिवस आणि नोटीस जास्तीत जास्त ६ तारखेला. ६ सप्टेंबर, शनिवार, अनंत चतुर्दशी. विसर्जनाच्या दिवशी नोटिसा वाटत फिरणं शक्य नाही म्हणून काका 'विसर्जनाच्या आधी' म्हणाले होते, त्यांचा हिशेब चोख होता. सभा २८ ला गेल्यावर मात्र १४ ते २७ हे चौदा दिवस आणि शेवटचा दिवस १३ सप्टेंबर. एक्सेलमध्ये सभेची तारीख `B2` मध्ये असेल तर:

```
=B2-15
```

चौदा नव्हे, पंधरा वजा करायचे. इथे बरेच जण एका दिवसाने हुकतात आणि सभेत एखादा सभासद नोटिशीवरच हरकत घेतो.

आता यादीत काय लिहायचं, ५ सप्टेंबर की १३? १३ ही कायद्याने चालणारी शेवटची तारीख, पण ती ग्रुपवर कोणी म्हटलेली नाही, मी काढलेली आहे. ५ ही म्हटलेली आहे, पण ज्या सभेसाठी म्हटली ती सभाच त्या दिवशी नाही. मी ५ सप्टेंबर लिहिलं आणि शेरा दिला: 'ही मुदत २१ तारखेच्या सभेसाठी ठरली होती, २८ साठी १३ पर्यंत चालेल. तीच ठेवायची का?' म्हटलेलं आणि काढलेलं यांची सरमिसळ होऊ द्यायची नाही, याबाबतीत मी जरा हट्टी आहे.

काका म्हणतात ते 'तीसच्या आत' हेही असंच कायद्यातून आलेलं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ७५ प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत वार्षिक सभा घ्यावी लागते, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत. ते काम नाही, बंधन आहे. यादीत त्याला ओळ दिली नाही, सभेच्या शेऱ्यात टाकलं.

अंगठ्यांचं काय करायचं? "मग २८?" खालच्या अंगठ्याशेजारी ५ होतं. पाच जणांना मान्य आहे हे त्यावरून कळतं, कोणत्या पाच हे स्क्रीनशॉटवरून कळत नाही, त्यासाठी फोनवर त्याला बोट लावून बघावं लागतं. वर सभेची तारीख ठरवणं हे कमिटीच्या बैठकीचं काम, ग्रुपवरच्या अंगठ्याचं इतिवृत्त होत नाही. हे ग्रुपवर कोणी बोललं नव्हतं म्हणून यादीत घातलं नाही, यादीच्या खाली वेगळी आठवण म्हणून लिहिलं. सेक्रेटरींचा ९:४८ चा अंगठा वेगळ्या जातीचा. तो स्वतंत्र मेसेज आहे, नावासकट आहे, आणि त्यांना नाव घेऊन विचारलेल्या प्रश्नानंतर लगेच आलाय. तो होकार धरता येतो. पण आठ मिनिटं आधीचा त्यांचाच मेसेज `Read more` वर तुटला होता, आणि तोही ठेकेदार काय म्हणाला याच्या ऐन तोंडावर. म्हणून '२५ ऑगस्ट' पुढे प्रश्नचिन्ह.

व्हॉइस मेसेज तर स्क्रीनशॉटमध्ये फक्त एक रेघ आणि 0:47 एवढाच असतो. काकांनी ९:१२ ला सकाळी दहाची वेळ सांगितली, सेक्रेटरी त्यानंतर तीन मिनिटांनी सत्तेचाळीस सेकंद बोलले. ते कशाबद्दल बोलले असतील? बहुधा सभेबद्दलच. वेळेच्या रकान्यात 'सकाळी १०?' लिहिलं आणि ९:१५ चा मेसेज ऐकल्याशिवाय पक्कं धरू नये असं नोंदवलं.

मॅडमना पाठवलेली यादी अशी होती:

| काम | कोण | कधीपर्यंत | चॅटमधले शब्द | शेरा |
|---|---|---|---|---|
| ऑडिट रिपोर्ट ग्रुपवर टाकणे | खजिनदार | सोम. १८ ऑगस्ट | "परवापर्यंत येईल. आला की टाकतो" ८:४६ | ऑडिटरवर अवलंबून |
| अजेंड्याचे मुद्दे गोळा करणे | सेक्रेटरी (देणारे सगळे) | रवि. २४ ऑगस्ट | "पुढच्या रविवारपर्यंत द्या" ८:५२ | |
| रंगकामाचं तिसरं कोटेशन | सेक्रेटरी | सोम. २५ ऑगस्ट ? | "तिसरं २५ पर्यंत?" ९:४७, 👍 ९:४८ | ९:४० चा मेसेज अर्धाच दिसतो |
| नोटीस टाइप करणे | सेक्रेटरी | तारीख नाही | "नोटीस मी टाइप करतो" ८:५२ | |
| नोटीस वाटणे, फलकावर लावणे | ? | शुक्र. ५ सप्टेंबर ? | "विसर्जनाच्या आधी" ८:४४ | २१ च्या सभेसाठीची मुदत. २८ साठी १३ पर्यंत चालेल |
| वार्षिक सभा | | रवि. २८ सप्टेंबर, सकाळी १० ? | "मग २८?" ९:०९, "२८ ठीक" ९:१२ | ३० च्या आत, ९:१५ चा व्हॉइस मेसेज ऐकावा |
| टाकीची गळती | बी-३०२ काका | तारीख नाही | "बघतो" ९:२४ | प्लंबर १७ ला येणार होता, काय झालं? |

'चॅटमधले शब्द' हा रकाना लोकांना आधी फापटपसारा वाटतो. पण "मी असं कधी म्हणालो?" हा प्रश्न आला की वेळ वाचून ग्रुपवर वर सरकायचं आणि दाखवायचं, वाद तिथेच संपतो. माझा अर्थ चुकला असेल तर तोही लगेच पकडता येतो.

मॅडमनी यादी ग्रुपवर टाकली आणि संध्याकाळपर्यंत रकाने भरले. व्हॉइस मेसेजमध्ये सेक्रेटरी म्हणाले होते की २८ ला सकाळी हॉल दुसऱ्या कार्यक्रमाला दिलाय, पाचनंतर मोकळा आहे. तो मेसेज दोघांनीच ऐकला होता, बाकी सगळे दहाच धरून बसले होते. वेळ संध्याकाळी ५ झाली. तुटलेल्या मेसेजचा पुढचा भाग असा होता की ठेकेदार गौरी-गणपती झाल्यावरच कोटेशन देणार आहे. म्हणजे २५ ला होणं शक्यच नव्हतं आणि तो अंगठा 'वाचलं' एवढ्यापुरता होता. गौरी विसर्जन २ सप्टेंबरला, म्हणून बुधवार ३ सप्टेंबर ठरलं. कोटेशन ३ ला येणार आणि नोटिशीबरोबर जाणार, तर नोटीस ५ लाच काढायची घाई कशाला, असं खजिनदारांनी विचारलं. बुधवार १० सप्टेंबर ठरला, १३ च्या आत तीन दिवस हाताशी ठेवून. टाइप करण्याला ८ तारीख मिळाली. नोटीस वाटणाऱ्याच्या रिकाम्या रकान्यासमोर मॅडमनी लिहिलं, "ते ऑफिसचं, म्हणजे तुमचंच."

राहिली टाकी. काकांचा फोन आला. प्लंबर रविवारी येऊन गेला, व्हॉल्व्ह बदलावा लागेल, तो मागवलाय. "कधीपर्यंत लिहू काका?" "आला की बसवतो म्हणालाय, तारीख काय लिहिणार?" तिथे मी तारखेच्या रकान्यात काही लिहिलं नाही. शेऱ्यात 'शुक्रवार २२ ऑगस्टला काकांना विचारणे' असं घातलं आणि त्या ओळीपुढे स्वतःचं नाव लिहिलं.